मदत हवी आहे: यूपीआयचे पैसे खात्यातून गेले, ॲपवर अजून ‘प्रोसेसिंग’

परवा किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून २,३४० रुपये दिले. ॲपवर अजूनही ‘प्रोसेसिंग’च दिसतंय. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र रक्कम वजा झाली आहे आणि १२ अंकी यूटीआर नंबरही आहे. दुकानदाराने माझ्यासमोर त्याचं स्टेटमेंट तपासलं, त्याच्याकडे जमा नाही. माणूस ओळखीचा आहे, खोटं बोलणार नाही.

ॲपमधून त्या व्यवहारावर तक्रार नोंदवली आहे. बँकेच्या हेल्पलाइनवर ‘वाट बघा’ एवढंच उत्तर मिळालं. इंटरनेटवर सापडणाऱ्या कस्टमर केअर नंबरांवर फोन करणार नाही, तेव्हा ते सुचवू नका.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाचं पेमेंट असेल तर व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई. माझी अडचण इथेच आहे. हा क्यूआर दुकानदाराच्या स्वतःच्या बचत खात्याचा आहे, व्यापारी म्हणून नोंदणी केलेला नाही. मग मला मुदत कोणती लागू होते, १ दिवसाची की ५ दिवसांची?

आणि दुकानदाराला आत्ता रोख दिले, नंतर अडकलेला व्यवहारही यशस्वी झाला, तर ते पैसे बँकेकडून परत मिळतात का, की त्याच्याकडूनच मागावे लागतात?