नोरा दाराबाहेर, नोरा दाराशी

"बेळगावच्या कॉलेजात निबंध आहे. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'च्या शेवटाचे दोन प्रयोग ताडायचेत, कुठून धरू?"

कोपनहेगनचा डिसेंबर १८७९चा पहिला प्रयोग आणि १८८०चा जर्मन प्रयोग घे. पडदा पडताना रंगमंचावर कोण उरतं, तिथून धर. मूळ संहितेत नायिका नोरा घर सोडून जाते आणि तिचा नवरा हेल्मर एकटा उरतो. त्याला क्षणभर आशा वाटते, तोच खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. जर्मनीत नोरा करणाऱ्या हेडविग नीमान-राबं यांना मुलं सोडून जाणं मान्य नव्हतं. तिथे हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. म्हणजे दाराचा आवाजच गेला, नाटकाचा निकालच फिरला! मात्र 'दिग्दर्शकाने शेवट बदलला' असं लिहू नकोस. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्याआधी इब्सेनने तो नाइलाजाने स्वतःच लिहून दिला होता.