दोन ओळींमधली तिरकी चुणी

> मशीनवर गोधडी शिवताना वॉकिंग फूट लावूनही दोन ओळींच्या मधलं कापड तिरकं ओढलं जातं. काय करू?

एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर मारताय का, ते आधी बघा. वॉकिंग फूट वरचा थर मशीनच्या दात्यांबरोबर सरकवतो, तरी वरच्या-खालच्या थरांत किंचित फरक राहतोच. दिशा उलटली की फरकही उलटतो आणि मधली पट्टी पिळली जाते. म्हणून सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू करा. दर वेळी दोरा तोडायचा कंटाळा येतो खरा.

आमच्या सांगलीकडे गोधडीला जुन्या सुती साड्या घेतात, त्या तर फारच सरकतात. अस्तर जमिनीला टेपने ताठ चिकटवा (ताणू नका, नंतर आकसतं) आणि तिन्ही थरांना चार-चार बोटांवर सेफ्टी पिना लावा. मग मधोमध खडूची रेघ आखून तिच्यावर शिवा, तिथून दोन्हीकडे सहा-सहा इंचांवर खडूच्या रेघांवरच शिवा. त्यामधल्या एक इंची ओळी गाइडच्या दांडीने भरा. सगळ्याच ओळी दांडीवर सोडल्या तर एका ओळीचा बाक पुढच्या प्रत्येक ओळीत उतरतो. टाका ३ मिमीचा ठेवा.

आणि फुटाची दुबेळकी सुईच्या स्क्रूवर नीट बसलीय ना? नसेल तर तो चालतच नाही, नुसता दाबतो.