मदत हवी आहे: अ‍ॅपर्चर ४ वरून ८ केलं तर प्रकाश पाव का होतो? आणि २.८, ५.६ हे आकडे कुठून येतात?

धुळाक्षर
नमस्कार मंडळी,
पप्पांच्या कपाटात त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याची ५० मिमी लेन्स सापडली. अडॅप्टर लावून ती माझ्या मिररलेसवर बसवली आहे. अ‍ॅपर्चरची रिंग हातानेच फिरवायची असते आणि समोरून बघितलं की पात्या मिटताना चक्क दिसतात. आजवर कॅमेरा ऑटोवरच असायचा, त्यामुळे या आकड्यांशी कधी संबंध आला नव्हता.

समोर पट्टी धरून भोक मोजलं. एफ/४ ला साडेबारा मिमीच्या आसपास भरलं, एफ/८ ला सहा-सव्वासहा. म्हणजे निम्मं. पण त्याच भिंतीसाठी कॅमेऱ्याचा मीटर एफ/४ ला १/२५० सांगतो आणि एफ/८ ला १/६०. भोक निम्मं आणि वेळ चौपट, हे कसं?

दुसरं, रिंगवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे आहेत. १.४ ने गुणत जायचं असं वाचलं. १ पासून सुरुवात करून आठ वेळा गुणलं तर १४.७६ आलं, १६ नाही.

तिसरं, दर पायरीला प्रकाश निम्मा होतो म्हणतात. शटर आणि आयएसओ तेच ठेवून भिंतीचे दोन फोटो काढले, एक ४ ला आणि एक ५.६ ला. एडिटरमध्ये पहिल्या फोटोत भिंतीचा आकडा २०० दिसतो, दुसऱ्यात १५० च्या जवळपास. निम्मा झाला असता तर १०० यायला नको का?

लग्नसराई_क्लिक्स
भाऊ, ५० मिमी असेल तर २ वरच ठेवा आणि विसरून जा. मागचं सगळं मस्त ब्लर होतं. स्टेजवर दोन रांगा उभ्या असतील तर मात्र ५.६ च्या खाली जाऊ नका, मागच्या रांगेतली काकू हमखास फोकसबाहेर जाते आणि अल्बम आल्यावर फोन तिचाच येतो.

धुळाक्षर
धन्यवाद दादा, पण माझा प्रश्न ब्लरचा नाही, प्रकाशाचा आहे. :)

भटकबहाद्दर
सोपं आहे. भोक गोल आहे आणि प्रकाश क्षेत्रफळातून येतो, व्यासातून नाही. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं. त्यामुळे ४ वरून ८ म्हणजे दोन पायऱ्या, मधली ५.६. क्षेत्रफळ निम्मं हवं असेल तर व्यासाला १.४ ने भागायचं.

बाकी ११ हा आकडा कंपन्यांनी ढकललेला आहे. ५.६ ची दुप्पट ११.२ होते. त्यामुळे ११ ला हिशोबापेक्षा थोडा जास्तच प्रकाश येतो. मी तेवढं धरूनच चालतो.

काळी_खोली
भटकबहाद्दर, पहिला परिच्छेद बरोबर, दुसरा नाही.

धुळाक्षर, तुमच्याच लेन्सवर हिशोब मांडू. एफ/४ म्हणजे ५० ला ४ ने भागायचं. साडेबारा मिमी, तुम्ही मोजलंत तेच. त्याचं क्षेत्रफळ साधारण १२३ चौरस मिमी. एफ/८ ला सव्वासहा मिमी, क्षेत्रफळ ३१. मध्ये निम्म्यावरची पायरी हवी, म्हणजे ६१ चौरस मिमीच्या आसपास. तेवढ्या भोकाचा व्यास किती? ८.८४ मिमी. आता ५० ला ८.८४ ने भागा, ५.६६ येईल. रिंगवरचे ५.६ ते हेच. क्षेत्रफळाला २ ने भागायचं असेल तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने भागावं लागतं आणि ते १.४ नसून १.४१४२... असं पुढे चालतच राहतं. तुम्ही १.४ घेतल्यावर दर पायरीला एक टक्का कमी पडला, आठ पायऱ्यांत आठेक टक्के झाले, म्हणून १४.७६. √२ चा दुसरा घात २, चौथा ४, सहावा ८, आठवा १६. एक सोडून एक आकडा म्हणूनच पूर्ण येतो आणि मधलेच काय ते तुटके राहतात.

त्या तुटक्यांचे खरे आकडे २.८२८, ५.६५७, ११.३१४. रिंगवर ११ कोरलेलं असलं तरी लेन्स बनवताना लक्ष्य ११.३१ चंच असतं. छापायला ११ सोपं, एवढंच. समजा एखादी लेन्स खरोखरच ११.०० ला थांबली, तरी प्रकाशातला फरक सहा टक्क्यांच्या आत राहतो. एका पायरीचा बारावा भाग. तो धरून चालण्यात अर्थ नाही, डोळ्याला कळतही नाही.

आता २०० आणि १५०. जेपेगमधला आकडा म्हणजे प्रकाश नव्हे. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाला वक्र लावून तो आकडा तयार होतो, गडद भागाला जास्त जागा मिळावी म्हणून. नुसता एसआरजीबीचा वक्र धरला तरी २०० चा निम्मा प्रकाश १४६ च्या आसपास येतो. कॅमेरा त्यावर स्वतःचा कॉन्ट्रास्ट चढवतो, त्यामुळे तुमचे १५० अगदी पटण्यासारखे आहेत. खात्री करायची तर आकडे बघूच नका. एफ/४ ला १/२५०, एफ/५.६ ला १/१२५, एफ/८ ला १/६० असे फोटो घ्या. प्रकाश निम्मा आणि वेळ दुप्पट, तेव्हा तिन्ही सारखे यायला हवेत. फक्त भिंत उन्हातली नको, ढग सरकला की सगळं बिघडतं. घरात एकाच दिव्यावर करणार असाल तर शटर बरंच हळू ठेवा, काही एलईडी लुकलुकतात आणि १/२५० ला दोन फोटोंतच फरक पडतो.

जुनापुराणा
"दर पायरीला निम्मा, तर मग सरळ १, २, ४, ८ असे आकडे का दिले नाहीत" हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आधीच सांगतो. तसे आकडे होते! १८८० च्या दशकात ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीने युनिफॉर्म सिस्टीम नावाची मोजपट्टी काढली होती. तिच्यात आकडा दुप्पट झाला की वेळ दुप्पट. माझ्याकडच्या घडीच्या कोडॅकवर ४, ८, १६, ३२, ६४ असं लिहिलंय. तिथला ४ म्हणजे आपला एफ/८, ८ म्हणजे एफ/११, आणि १६ ला दोन्ही पट्ट्या जुळतात. १६ वर ठेवलं तर काहीच चुकत नाही, पण त्यावरच्या ४ ला एफ/४ समजून रोल टाकला तर सगळा दोन पायऱ्यांनी अंडर येतो.

जुन्या जर्मन लेन्सवर आणखी वेगळं. ३.२, ४.५, ६.३, ९, १२.५. गुणक तोच √२, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून.

भटकबहाद्दर
११ चं मान्य. पण मग किट लेन्सचं काय? १८-५५ ला १८ वर ३.५ मिळतं आणि ५५ ला ५.६. म्हणजे झूम केलं की भोक लहान होतं, असंच ना?

धुळाक्षर
तुमच्याच पद्धतीने भागाकार केला. १८ भागिले ३.५ म्हणजे ५.१ मिमी. ५५ भागिले ५.६ म्हणजे ९.८ मिमी. भोक तर मोठं झालं! समोरून बघितलं तरी मोठंच दिसतंय. मग आकडा का पडला?

काळी_खोली
हाच प्रश्न विचारायला हवा होता.

भिंतीवर कॅलेंडर आहे असं धरा. तुम्ही जागचे हलला नाहीत. १८ ला सेन्सरवर त्या कॅलेंडरची जेवढी प्रतिमा पडते, ५५ ला ती तिप्पट उंच आणि तिप्पट रुंद पडते, म्हणजे नऊ पटींहून जास्त जागा व्यापते. कॅलेंडरवरून येणारा प्रकाश तेवढ्या जागेत पातळ पसरतो. इकडे भोकाचं क्षेत्रफळ वाढलं, पण साडेतीन पटींच्या थोडंसं वर. आवक साडेतीन पट आणि वाटेकरी नऊ पट, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला चाळीस टक्के. ३.५ ला ५.६ ने भागून वर्ग करा, तेच उत्तर येईल.

म्हणून आकडा भोकाचा नसतो, फोकल लेंग्थ आणि भोक यांच्या गुणोत्तराचा असतो. ५० मिमीचा एफ/४ आणि २०० मिमीचा एफ/४ यांची भोकं साडेबारा आणि पन्नास मिमी, पण दोघांना शटर तेच लागतं.

झूमबद्दल आणखी एक. समोरून दिसतं ते भोक पुढच्या काचांमधून दिसणारं असतं. पात्या तशाच राहिल्या तरी काचा सरकल्यावर ते मोठं दिसू शकतं. हिशोबात धरायचं ते हे दिसणारंच.

चतुर_मागे_चतुर
मी पाणथळीवर चतुर आणि टाचण्यांचे मॅक्रो काढतो. माझा हिशोब मात्र या गणिताने चुकतो. लेन्सच्या मागे ट्यूब लावून एकास एक आकारात काढलं की एफ/८ ठेवूनही फ्लॅश चौपट लागतो. रिंगवर तर ८ च आहे.

काळी_खोली
रिंगवरचा आकडा विषय लांब असताना खरा. तुम्ही लेन्स सेन्सरपासून पुढे नेलीत. एकास एकला ती दुप्पट अंतरावर जाते, प्रतिमा आणखी पसरते आणि ८ हा १६ सारखा वागतो. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट. अर्ध्या आकारात काढलं तर ८ ला दीडने गुणा, १२ येईल. अंदाजापुरतं पुरे, काही लेन्सना यात थोडा फरक पडतो. मीटर लेन्समधून बघत असेल तर तो हे आपोआप धरतो, हाताने फ्लॅश लावणाऱ्याला मात्र धरावं लागतं.

धुळाक्षर
घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर करून बघितलं. ४, ५.६, ८, ११ चे फोटो एकावर एक ठेवले तर फरक सांगता येत नाही. पण दोन ठिकाणी अडलं. एफ/२ ला मधला भाग बरोबर, पण कोपरे काळपट. आणि एफ/१६ चा फोटो बाकीच्यांपेक्षा किंचित उजळ आहे.

काळी_खोली
एफ/२ चे कोपरे अपेक्षितच. तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीच्या कडांना अडतात, त्यांना पूर्ण गोल मिळत नाही. ४ ला ते बरंचसं जातं. त्यामुळे तुलना नेहमी मधल्या भागाची करा.

१६ ला तुमचं भोक ३.१ मिमीचं. पात्या ०.२ मिमी जास्त उघड्या राहिल्या तर क्षेत्रफळात तेरा टक्के फरक. हीच चूक एफ/४ ला तीन टक्क्यांवर जाते, दिसतही नाही. म्हणून गडबड नेहमी लहान भोकाला उघडी पडते. एकदा ११ कडून १६ वर या, एकदा रिंग १६ च्या पुढे टोकाला नेऊन परत या. दोन्ही वेळा वेगळा फोटो आला तर रिंगमध्ये ढिलाई आहे.

जुनापुराणा
पात्यांवर तेलाचे डाग आहेत का तेही बघा. जुन्या लेन्समध्ये वंगण पाझरतं आणि पात्या चिकटतात.

धुळाक्षर
डाग नाहीत, पात्या कोरड्या आहेत. रिंग १६ लाच संपते, पुढे जात नाही. प्रत्येक वेळी ११ कडूनच आलो तरी उजळपणा तेवढाच येतो.

भटकबहाद्दर
मग ढिलाई नाही, मुळातच तशी बसवलीय. नाहीतर अडॅप्टरमधून कडेने उजेड आत येत असेल.

काळी_खोली
उजेड शिरत असेल तर १६ लाच जास्त दिसेल हे खरं, कारण शटर तेव्हा सर्वात जास्त वेळ उघडं असतं. अडॅप्टरभोवती काळं कापड गुंडाळून १६ चा फोटो पुन्हा घ्या आणि इथे टाका. मग बघू.