शब्दचर्चा: ‘पॉप्युलेशन’ म्हणजे लोकसंख्या? (२.७४ की २.४५ वरून निघालेला प्रश्न)

ओळंबा:
आमचा मासिक अहवाल डेटाबेसमधून निघतो. काही मंडळींना त्यावर विश्वास नाही, ती तेच आकडे एक्सेलमध्ये टाकून ताडून बघतात. या वेळी सरासरी जुळली, ओळी जुळल्या, स्टँडर्ड डिव्हिएशन मात्र जुळेना. एका गटात पाचच तक्रारी होत्या, निकाली काढायला लागलेली मिनिटं १२, १५, ११, १८, १४. एक्सेलचं `STDEV` म्हणतं २.७४, आमचं मायएसक्यूएल म्हणतं २.४५. कारण कळलं, एक ‘सँपल’चं आहे नि दुसरं ‘पॉप्युलेशन’चं. आता अहवालाखाली मराठीत टीप द्यायची आहे. मी लिहिलं, ‘डेटाबेस संपूर्ण लोकसंख्येचे प्रमाण विचलन काढतो.’ साहेबांनी वर बघून विचारलं, “कुठल्या गावची लोकसंख्या?” काय शब्द लिहू?

व्यष्टी:
समष्टी! संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हाच शब्द आहे. सम् + अश्, म्हणजे सगळं व्यापणारं. व्यष्टी-समष्टी ही जोडी वेदान्तात केव्हाची आहे. माझ्या आयडीला उगाच हसू नका.

चालूखाते:
अहवालाच्या तळटीपेत ‘समष्टी’ लिहिलंत तर साहेब विचारतील, प्रवचन किती वाजता? सरळ ‘पॉप्युलेशन’ लिहा. ‘डेटाबेस’ला कुठे ‘विदागार’ म्हणता?

व्यष्टी:
मी म्हणते.

जुनारकाना:
शब्द सावकाश ठरवा, आधी एवढं करा:

```sql
SELECT STDDEV(mins), STDDEV_POP(mins), STDDEV_SAMP(mins)
FROM complaints;
```

तुमच्या पाच आकड्यांवर पहिले दोन २.४४९ येतील, तिसरा २.७३९. मायएसक्यूएलमध्ये नुसतं `STDDEV` म्हणजे पॉप्युलेशनवालं. पोस्टग्रेसमध्ये नेमकं तेच नाव सँपलवालं आहे. म्हणून टीपेत ‘डेटाबेस असं काढतो’ लिहू नका. उद्या डेटाबेस बदलला की क्वेरीला हात न लावता अहवालातला आकडा बदलेल, आणि एररही येणार नाही. क्वेरीत पूर्ण नाव लिहा, एक्सेलमध्येही `STDEV.S` किंवा `STDEV.P`. जुनं `STDEV` अजून चालतं, पण त्या नावावरून वाचणाऱ्याला काही कळत नाही.

तीसमारखान:
सोपा नियम सांगतो. तीसपेक्षा कमी आकडे असले की सँपल, जास्त असले की पॉप्युलेशन. कॉलेजात हेच शिकवलं होतं.

जुनारकाना:
अर्धं बरोबर आहे. आकडे वाढले की फरक नगण्य होतो हे खरं. हजार ओळींवर दोन उत्तरांत जेमतेम ०.०५ टक्के तफावत उरते, ती कुणाच्या नजरेतही येत नाही. पण कुठलं सूत्र घ्यायचं हे ओळींच्या संख्येवर ठरत नाही, तुम्ही काय विचारताय त्यावर ठरतं. या पाच तक्रारी हाच पूर्ण विषय असेल, तर भागायचं पाचाने. या पाचांवरून ‘आपल्याकडे एकूणच तक्रारींना लागणारा वेळ किती खालीवर होतो’ हे सांगायचं असेल, तर चाराने. लाखभर ओळीसुद्धा सँपल असू शकतात आणि तीनच ओळी पूर्ण पॉप्युलेशन.

चालूखाते:
चाराने का पण? एक तक्रार खाल्ली कुणी?

जुनारकाना:
कुणी नाही. या पाचांची सरासरी १४. तिच्यापासूनचे फरक −२, १, −३, ४, ०. त्यांच्या वर्गांची बेरीज ३०. आता समजा, सगळ्या तक्रारींची खरी सरासरी १५ आहे, जी आपल्याला माहीतच नाही. १५ पासून फरक काढले तर वर्गांची बेरीज ३५ येते. १४ ऐवजी कुठलाही आकडा घ्या, बेरीज ३० च्या वरच जाते. म्हणजे आकडे स्वतःच्याच सरासरीपासून मोजले की पसारा नेहमी थोडा कमीच दिसतो. ती कसर भरून काढायला पाचाऐवजी चाराने भागायचं. ३० भागिले ४ म्हणजे ७.५, त्याचं वर्गमूळ २.७३९. ही कसर सरासरीने बरोबर भरते ती वर्गमूळ काढण्याआधीच्या आकड्यात. वर्गमूळ काढलं की पुन्हा किंचित कमी पडते, पण तिथवर कुणी भांडायला जात नाही.

दुपारची_पाळी:
आमच्याकडे अगदी असंच झालं होतं! दोन दिवस सूत्रं बदलत बसलो. शेवटी कळलं, ज्या ओळींत वेळ नोंदवलाच नव्हता तिथे डेटाबेसमध्ये शून्य पडलं होतं आणि एक्सेलमध्ये रिकामा रकाना. एक्सेल रिकामा रकाना सोडून देतं, शून्य मात्र धरतं. तेव्हा ओळंबा, तुमचंही तेच असणार.

ओळंबा:
आमची सरासरी जुळतेय हो ताई. शून्यं असती तर ती आधी बिघडली असती.

जुनारकाना:
बरोबर. दोन्हींतला फरक ओळखायची एक युक्ती आहे. मोठ्या उत्तराला लहानाने भागा आणि त्याचा वर्ग करा. २.७४ भागिले २.४५, वर्ग केला की १.२५. म्हणजे पाचास चार. नेमका असा ‘न’ला ‘न वजा एक’ मिळाला की दोष सूत्राचा, ओळींचा नाही. तिथे १.४ वगैरे आलं असतं तर मीही शून्यं शोधायला निघालो असतो. आणि ओळंबा, एकच तक्रार असलेले गट तपासा. तिथे पॉप्युलेशनचं उत्तर ० येतं आणि सँपलचं येतच नाही. एक्सेल `#DIV/0!` दाखवतं, मायएसक्यूएलचं `STDDEV_SAMP` `NULL` देतं. ० बघून कुणी तरी ‘वा, किती सातत्य!’ म्हणतं. मी मीटिंगमध्ये ऐकलंय.

व्यष्टी:
‘सँपल’ला ‘नमुना’ आहेच की, त्यावर कुणी बोलतच नाही.

चालूखाते:
‘नमुना’ फारसीतून आलाय. तो चालतो नि ‘पॉप्युलेशन’ नाही, हा कुठला न्याय? शिवाय टीपेत ‘पाच नमुने’ लिहिलंत तर आमचे साहेब लगेच टीममधल्या पाचजणांची नावं घेतील.

रांगोळीठिपके:
मूळ घोळ ‘प्रमाण विचलन’मध्येच आहे. शाळेत ‘गुणोत्तर व प्रमाण’ शिकलेला माणूस इथे प्रमाण म्हणजे प्रपोर्शन समजतो. हिंदीवाल्यांचं ‘मानक विचलन’ बरं.

व्यष्टी:
प्रमाणभाषा म्हणताना कुणाला प्रपोर्शन आठवतं का? ‘मानक’ आपल्याकडे नकोच. आणि ‘विचलन’ कशाला म्हणते मी, ‘फारकत’ का नाही?

रांगोळीठिपके:
प्रमाण फारकत! घटस्फोटाचा दाखला वाटतोय.

ओळंबा:
मंडळी, अहवाल उद्या जायचाय. क्वेरीत `STDDEV_SAMP` केलं, आकडे जुळले. टीपेत सध्या ‘हाती असलेल्या सर्व नोंदी हाच पूर्ण संच मानून’ आणि ‘हाती असलेल्या नोंदींवरून अंदाज करून’ असं लिहिलंय. शब्द टाळलाच म्हणा ना.

तीसमारखान:
पण नोंदी तीसपेक्षा जास्त असतील तर?

व्यष्टी:
‘संच’ हा गणितात ‘सेट’साठी ठरलेला शब्द आहे. तिथे १२ दोनदा आला तर एकदाच धरतात. समष्टीच लिहा.