मदत हवी आहे: मानखोड्यात गाय गुडघ्यावर बसली आणि मान आवळली गेली, खोड्यात काय बदल करावा?

गोठा_राहुरी
नमस्कार. राहुरी तालुक्यात आमचा मुक्तसंचार गोठा असून त्यात चौदा संकरित एचएफ गाई आणि पाच कालवडी आहेत. गाई मोकळ्या राहू लागल्यापासून त्यांची दाव्याची सवय मोडली आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाच्या दिवशी एकेक गाय पकडताना आमची व डॉक्टरांची फार दमछाक होऊ लागली. म्हणून गेल्या उन्हाळ्यात गावातल्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइपची एक अरुंद गल्ली आणि तिच्या तोंडाशी मानखोडा बनवून घेतला. मानखोड्याचे दोन्ही उभे पाइप मानेच्या आकाराप्रमाणे आत वळवलेले असून खटका म्हणून वरून एक जाड पिन घातली जाते. इंजेक्शनपुरते हे सर्व उत्तम चालले.

मागच्या आठवड्यात चंद्री नावाची सुमारे ४५० किलोची गाय उजव्या मागच्या पायाने लंगडू लागली, म्हणून खुर साळण्यासाठी तिला आत घेतले. खुराच्या वर नायलॉनचा दोर बांधून दोघांनी पाय बाजूला ओढला. तिने झटका दिला, दुसरा पाय काँक्रीटवरून घसरला आणि ती पुढच्या गुडघ्यांवर बसली. सगळा भार मानेवर आला, जीभ बाहेर आली आणि पिन काही निघेना, कारण गायीचे वजन फाटकावरच होते. छातीखाली वासा घालून तिला उचलले तेव्हा कुठे पिन सुटली. गाय वाचली, परंतु त्या मिनिटभरात मी जे पाहिले ते पुन्हा घडू द्यायचे नाही. कृपया नेमके काय चुकले ते सांगावे.

बैलजोडी_मंगळवेढा
बैलाला पत्री मारताना आमच्याकडे खोडा कधीच लागत नाही. तीस-पस्तीस हात लांबीचा सुती सोल घ्यावा, गळ्याभोवती न आवळणारी गाठ मारावी, पुढच्या पायांच्या मागून छातीला एक वेढा आणि मांड्यांच्या पुढून पोटाला दुसरा वेढा देऊन दोन माणसांनी सरळ मागे ओढावे. बैल आपोआप बसतो. मग चारही पाय बांधून पत्र्या ठोकाव्यात. तुमच्या बैलाला किती दिवसांनी पत्री मारता?

गोठा_राहुरी
दादा, आमच्याकडे बैल नाहीत, प्रश्न दुभत्या गाईंचा आहे.

निवृत्त_पशुवैद्यक
बैलजोडी यांनी सांगितलेले वेढे बरोबर आहेत, आणि गळ्याला सरकगाठ मारू नये हे तर त्यांनी फार मोलाचे सांगितले. मात्र दुभत्या गाईत पोटाचा वेढा कासेच्या शिरेवर दाबतो, गाभण गाईला पाडणे धोक्याचे असते आणि भरल्या पोटाने आडवी पडलेली गाय फुगते, म्हणून खुरासाठी पाडण्याचा मार्ग मी शेवटचा मानतो.

आता चंद्रीबद्दल. आपल्या खोड्यातला मूळ दोष वळवलेल्या पाइपांत आहे. असे पाइप डोके घट्ट धरतात, म्हणून ते पाहणाऱ्याला पसंत पडतात. परंतु गाय खाली बसली की मान त्या वळणात खाली ओढली जाते आणि श्वासनळी व मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पाइप वरपासून खालपर्यंत सरळ उभे असतील, तर गाय बसली तरी मान त्यांच्यामधून खाली सरकते आणि श्वास चालू राहतो. सरळ पाइपांत गाय डोके वर-खाली हलवते, ही त्यांची उणीव आहे. त्यासाठी म्होरकी घालून डोके एका बाजूला बांधावे, आणि ती गाठ मोकळे टोक ओढताच सुटणारी असावी.

दुसरा दोष खटक्याचा आहे. गाय उभी असताना सुटणारी पिन पुरेशी नाही, भार असताना ती सुटली पाहिजे. आज संध्याकाळी दोन माणसांना फाटकाला आतून जोर लावून रेटायला सांगा आणि तिसऱ्याने एका हाताने खटका उघडून पाहा. उघडला नाही, तर गाय आत नेऊ नका.

तिसरे म्हणजे पाय उचलण्याची रीत. पाय बाजूला ओढला की खुब्यावर ताण येतो आणि गाय तोल सावरण्यासाठी झटका देतेच. मागे टोक काढणाऱ्या मधल्या सांध्याच्या लगेच वर रुंद पट्टा किंवा जाड सुती दोर बांधावा, तो गाईच्या मागे उंचावर असलेल्या आडव्या पाइपवरून घ्यावा आणि पाय मागे व वर, तिच्या नेहमीच्या चालण्याच्या दिशेत, उचलावा. नंतर खुराच्या वरचा भाग दुसऱ्या दोराने मागच्या खांबाला स्थिर करावा. त्या आधीच पुढच्या पायांच्या मागून छातीखाली सहा इंच रुंद पट्टा घालून ठेवावा. तो गाईला उचलण्यासाठी नसतो, तिचे गुडघे टेकू लागले तर वजन झेलण्यासाठी असतो. चंद्रीच्या वेळी तो पट्टा असता, तर वासा शोधावा लागला नसता.

दूध_संकलन_कोपरगाव
माझ्या मते गल्लीच अरुंद असल्यामुळे गाय घाबरली असावी. आमची गल्ली तीन फुटांची आहे आणि गाई आरामात आत जातात. बाकी काँक्रीटला आडव्या खाचा पाडून घ्या, घसरणे निम्मे तिथेच थांबेल.

निवृत्त_पशुवैद्यक
खाचांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. तीन फुटांच्या गल्लीत मात्र गाय उलटी फिरते, आणि कालवड तर नक्कीच फिरते. आतून सव्वीस इंच रुंदी या वजनाच्या गाईंना पुरते, कालवडींच्या दिवशी एका बाजूने फळ्या बांधून ती कमी करावी. आपली गल्ली किती आहे?

गोठा_राहुरी
सत्तावीस इंच. मागे अडवण्यासाठी आम्ही एक बांबू आडवा सरकवतो. गाय पुढे जात नाही तेव्हा शेपटी पिरगाळावी लागते, हेही मला मान्य नाही.

कालवड_नाशिक
ताई, त्या बांबूबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. मी तो अर्धा सरकवलेला असताना गाय एकदम मागे आली आणि माझे मनगट बांबू व खांब यांच्यामध्ये सापडले. सहा आठवडे प्लास्टर होते. आता आम्ही बाहेरून ढकलून आपोआप अडकणारा पाइप लावला आहे, त्याच्या मागे हात जातच नाही. इंजेक्शनही दोन पाइपमधून हात घालून न देता वरच्या पाइपवरून मानेत देतो. आणि गाय पुढे जाण्यासाठी तिच्या तोंडाकडून शेपटीकडे, गल्लीच्या बाजूने शांतपणे चालत जावे. आपण तिच्या खांद्याच्या मागे गेलो की ती पुढे सरकते. पाचांपैकी चार वेळा शेपटीला हात लावावा लागत नाही.

गोठा_राहुरी
सर्वांचे आभार. खटक्याची परीक्षा काल घेतली. दोघांनी रेटल्यावर पिन हलली नाही, त्यामुळे मानखोडा बंद ठेवला आहे. फॅब्रिकेटर म्हणतो की वळवलेले पाइप कापून सरळ पाइप बसवता येतील आणि खटका तरफेचा करता येईल. चंद्रीचा बाहेरचा नख डॉक्टरांनी शेजारच्या दवाखान्यातील लाकडी खोड्यात, आपण सांगितलेल्या रीतीने पाय मागे घेऊन साळला. आत गळू निघाले आणि दुसऱ्या दिवशी ती पायावर भार देऊ लागली.

एक प्रश्न उरतो. आमची दुसरी गाय सात महिन्यांची गाभण आहे आणि तिची खुरे वाढून पुढे वळली आहेत. तिला आताच खोड्यात घ्यावे का?

निवृत्त_पशुवैद्यक
ती लंगडत नसेल तर मी आटवण्याच्या सुमारास, उभ्या स्थितीत आणि एका वेळी दोनच पाय असे काम करीन.

कालवड_नाशिक
आमचे डॉक्टर सात महिन्यांनंतर हातच लावत नाहीत, ते व्यायल्यानंतर पाहू म्हणतात. तिच्या चालण्याचा व्हिडिओ इथे टाकाल का?