मदत हवी आहे: सट्ट्यात बहुतेक लोक हरतात हे दाखवायचंय, पण माझा प्रयोग उलटाच आला

अमळनेरचा_पक्या
मंडळी, शनिवारी आमच्या कॉलेजच्या गणित मंडळात वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय सरांनी गळ्यात मारलाय: हौसेखातर सट्टा लावणारे बहुतेक लोक शेवटी का हरतात. नुसतं बोललं तर पोरं झोपतील, म्हणून छापा-काटा उडवून दाखवायचं ठरवलं. काल होस्टेलवर रंगीत तालीम केली. बारा जण, प्रत्येकी वीस वेळा नाणं. निकाल: सहा जण फायद्यात, दोघं बरोबरीत, चार तोट्यात! आता हे स्टेजवर झालं तर माझंच हसं होईल. काय चुकतंय ते लवकर सांगा, हातात तीनच दिवस आहेत.

तापीकाठची_माई
बाळा, आधी मला सांग, तू स्वतः किती हरलास? घरी सांगितलंस का? लपवू नकोस. माझ्या बहिणीच्या मुलानं दोन वर्षं लपवलं आणि मग मोटारसायकल गेली तेव्हा कळलं.

अमळनेरचा_पक्या
माई, मी एक रुपया लावलेला नाही. भाषण आहे, भाषण.

तापीकाठची_माई
तोही सुरुवातीला असंच म्हणायचा.

पांझरा
पक्या, मुख्य गोष्ट तू लिहिलीच नाहीस. छापा आला तर किती द्यायचास आणि काटा आला तर किती घ्यायचास?

अमळनेरचा_पक्या
त्यात काय लिहायचं? लावले 100. छापा आला तर वर 100 मिळाले, काटा आला तर 100 गेले. साधा हिशोब.

पांझरा
मग तुझ्या खेळात बुकीच नाही! शंभराला शंभर मिळत असतील तर कोणीच सावकाश हरत नाही, नुसते पैसे इकडून तिकडे फिरतात. खरा बुकी बरोबरीच्या सामन्यात दोन्ही बाजूंना शंभराला नव्वदच्या आसपास देतो. हरलास तर पूर्ण 100 जातात, जिंकलास तर 90 मिळतात. तो दहाचा फरक हे त्याचं दुकान. दोनदा खेळून एकदा जिंकलास, एकदा हरलास, तर दहा रुपये त्याच्याकडे राहिले. म्हणजे दर शंभराच्या डावामागे सरासरी पाच. तुझ्या तालमीतला हाच तुकडा गळलाय. नव्वद देऊन बघ.

केळीबाग_रावेर
एवढं अवघड काही नाही. हरलं की पुढच्या वेळी डबल लावायचं. 100 गेले की 200, ते गेले की 400. कधी ना कधी जिंकणारच, आणि जिंकलं की मागचं सगळं वसूल. लोक हरतात कारण मध्येच घाबरून सोडतात. भाषणात हे सांग, पोरं टाळ्या वाजवतील.

पांझरा
केळीबाग भाऊ, शंभराला शंभर असते तर निदान कागदावर तुमचं खरं होतं. नव्वदला करून बघा. पहिल्या डावात 100 गेले. दुसऱ्यात 200 लावून जिंकलात, मिळाले 180, म्हणजे वर 80. पण समजा दुसराही गेला. एकूण गेले 300, तिसऱ्याला 400 लावून मिळाले 360, वर 60. तिसराही गेला तर 700 गेले, चौथ्याला 800 वर मिळाले 720, वर फक्त 20. आणि चौथाही गेला तर एकूण 1500 गेलेले असतात, पाचव्याला 1600 लावून *जिंकलात* तरी हातात येतात 1440. साठ रुपये तोट्यात, तेही जिंकून! पुढे हा खड्डा वाढतच जातो.

केळीबाग_रावेर
मग डबलपेक्षा थोडं जास्त लावायचं.

पांझरा
लावा. मग सात-आठ डावांत खिशाचा तळ लवकर दिसेल, एवढाच फरक.

आप्पा_शिरपूर
मन्हं ऐक भो. माझा शालक कापूस विकून आला आणि एका आयपीएलमध्ये निम्मा पैसा घालवून बसला. पण तो सामन्यावर लावतच नव्हता. सामन्याचा भाव घासाघाशीचा असतो, त्यात बुकीला फार सुटत नाही. खरी गंमत सेशनमध्ये. सहा ओव्हरला भाव निघतो 46-48. 'यस' म्हणणाऱ्याला 48 किंवा जास्त रन लागतात. 'नो' म्हणणाऱ्याला 46 च्या आत. आणि 46 नाहीतर 47 झाले तर दोघांचे पैसे बुकीच्या खिशात. शालक तर प्रत्येक ओव्हरला काहीतरी लावायचा. एका सामन्यात पंधरा-वीस डाव सहज.

अमळनेरचा_पक्या
आप्पा, हे भारी आहे. पण 46-47 किती वेळा पडतात?

आप्पा_शिरपूर
ते शालकाला माहीत असतं तर कापूस वाचला नसता का?

पांझरा
ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पक्या, तू ते नाण्याच्या खेळात घुसवू नकोस, वीस मिनिटांत दोन खेळ मावायचे नाहीत. पण आप्पांची पंधरा-वीस डावांची ओळ मात्र उचल. शालकाचं नुकसान त्यानं खिशात किती आणले यावर नाही, एकूण किती *लावले* यावर ठरतं. हजार रुपये आणले आणि तेच हजार फिरवून फिरवून दहा वेळा लावले तर लावले दहा हजार. शंभरामागे पाच धरले तर सरासरी पाचशे गेले. माणूस म्हणतो पाच टक्क्यांचाच तर खेळ आहे, आणि घरी येतो निम्मे घालवून.

पाचोरा_जामनेर_गाडी
कापसाचं नाव निघालं म्हणून सांगतो. आकडा, म्हणजे मटका, मूळचा कापसाचाच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडताना-बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकात ते बंद झालं, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कापूस पिकवणाऱ्या खानदेशी माणसानं परत कापसाच्याच आकड्यावर पैसे घालवायचे! आणि आकड्यात तर हिशोब उघडा आहे. आकडे दहा, लागला तर एकाला नऊ. शाळेतलं पोरगं सांगेल उरलेला एक कुठे जातो.

भुसावळ_यार्ड
हा सगळा विषयच कशाला? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. संपलं की.

पाचोरा_जामनेर_गाडी
यार्डभाऊ, टपरीवरच्या बुकीला ऑनलाइनशी काय देणं-घेणं? आकड्यावर तर 1887 च्या कायद्यानंच बंदी आहे.

अमळनेरचा_पक्या
अहो कायदा राहू द्या. पांझराताई, आज 90 देऊन परत तालीम केली. कागदावरच, 10 गुण लावायचे, जिंकले तर 9, हरले तर 10 वजा. तेच बारा जण, वीस-वीस वेळा. तरी पाच जण फायद्यात! माझा रूममेट तर 13 छापे मारून 47 गुणांनी वर, रात्रभर कॉलर ताठ करून फिरतोय. आता बोला.

पांझरा
बोलते. हे अगदी बरोबर आलंय, तू चुकीच्या ठिकाणी बघतोयस. वीस डावांत 11 छापे पडले की माणूस फायद्यात, आणि ते शंभरातल्या 41 जणांना जमतं. तुझे बारातले पाच म्हणजे नेमके तेवढेच. पण बाराही जणांचे मिळून छापे किती पडले?

अमळनेरचा_पक्या
थांबा, मोजतो. 240 पैकी 118.

पांझरा
म्हणजे 118 वेळा तू नऊ दिलेस, 1062. 122 वेळा दहा घेतलेस, 1220. बुकी 158 गुणांनी वर. पाच जण जिंकूनसुद्धा. हेच तुझं भाषण आहे.

वीस डाव खेळून प्रत्येकाला वाटतं नशिबाचा खेळ आहे, आज वर उद्या खाली. त्याच वेळात बुकी वीस नाही, 240 डाव खेळलेला असतो. नशीब थोड्या डावांत मोठं दिसतं, डाव वाढले की पाच टक्के त्याच्यावर चढतात. मी विमा कंपनीत हेच हिशोब करते, आम्हीही एका घरावर पैज लावत नाही, हजारो घरं घेतो.

आणि तोच माणूस वर्षभर खेळत राहिला तर तोही बुकीएवढे डाव खेळतो, फक्त उलट्या बाजूनं. 10 डावांनंतर शंभरातले 38 जण फायद्यात असतात. 100 डावांनंतर 31. 1000 डावांनंतर पाचच्या आत.

अमळनेरचा_पक्या
38, 31, 5! हे नाण्यानं कसं दाखवू? हजार वेळा कोण उडवेल?

पांझरा
हजार वेळा एकानं नको. हॉलमध्ये किती पोरं येतात?

अमळनेरचा_पक्या
साठ तरी येतील. चहा-बिस्किटं आहेत.

पांझरा
मग साठांना वीस-वीस वेळा उडवू दे, 1200 डाव झाले. आधी 'जो फायद्यात आहे त्यानं हात वर करा' म्हण. पंचवीसच्या आसपास हात वर होतील, हॉल खूश. मग सगळ्यांचे कागद गोळा करून फळ्यावर एकच बेरीज कर, बुकीच्या बाजूनं. सरासरी तो 600 गुणांनी वर असेल. बाराच पोरांवर विसंबू नकोस, तेवढ्यात पाचातून एकदा बुकीही तोट्यात जातो. साठांत शंभरातून तीन-चार वेळाच जाईल. तेवढा धोका पत्कर.

हजार डाव दाखवायचेच असतील तर लॅपटॉपवर स्प्रेडशीटच्या एका रकान्यात हे हजार ओळींत ओढ आणि खाली बेरीज कर:

```
=IF(RAND()<0.5,9,-10)
```

F9 दाबलं की नवीन माणूस. बेरीज वर आलेली दिसायला बरेचदा दाबावं लागेल.

तापीकाठची_माई
साठ नाणी आणणार कुठून? शेंगदाण्यांनी करा, आमच्या अंगणवाडीत सगळं शेंगदाण्यांनीच शिकवतो.

आप्पा_शिरपूर
माई, पोरं शेंगदाणे खाऊन टाकतील, मग बुकीचा हिशोब कोण लावणार?

केळीबाग_रावेर
पण ताई, नाणं म्हणजे क्रिकेट नाही. ज्याला खेळपट्टी, टॉस, कोण जखमी हे सगळं कळतं तो पन्नासपेक्षा जास्त बरोबर सांगतोच. मी स्वतः गेल्या मोसमात बरेच सामने बरोबर सांगितले होते.

पांझरा
हा प्रश्न शनिवारीही नक्की येणार. नव्वदच्या भावात नुसतं टिकायला शंभरात 53 बरोबर यावे लागतात, 52 आले तरी तोटा. आणि खेळपट्टी, टॉस, जखमी हे बुकीलाही माहीत असतं, त्यावरूनच तो भाव हलवतो. भाऊ, तुम्ही बरोबर सांगितलेले सामने किती, एकूण किती, आणि तेव्हा भाव काय होते? लिहून ठेवलंय का?

केळीबाग_रावेर
लिहून कोण ठेवतं? पण खरंच कळणारे चार लोक असतात, त्यांचं काय?

पांझरा
असतात, नाही म्हणत नाही. फक्त शंभर सामन्यांची नोंद दाखवली तरी कळणारा आणि नशीबवान यांतला फरक ओळखता येत नाही. नुसतं नाणं उडवणारे शंभरातले 31 जणही तेवढ्यात फायद्यात असतात, मघाशी सांगितलंच.

केळीबाग_रावेर
मला नाही पटत. मी या मोसमात लिहून ठेवतो, मग बोलू.

पाचोरा_जामनेर_गाडी
पैसे न लावता लिहा म्हणजे झालं.

अमळनेरचा_पक्या
ताई, ठरलं. हात वर, मग बेरीज, मग स्प्रेडशीट. सेशनचं आप्पांच्या शालकाच्या नावावर दोन वाक्यांत सांगतो, नाव न घेता. एकच अडचण, तो 13 छापेवाला रूममेट म्हणतोय मीच स्टेजवर येऊन 'कसं जिंकायचं' सांगतो. येऊ देऊ का?

आप्पा_शिरपूर
येऊ दे. फक्त स्टेजवर त्याला आणखी वीस वेळा उडवायला लाव.