लवादाचा निवाडा रद्द करणे: कलम ३४

> "जिनिंगच्या शेडचं काम अर्धवट सोडणाऱ्या ठेकेदाराला लवादाने १८ लाख दिले. आमचे फोटो, साक्षीदार बाजूलाच ठेवले. जळगाव कोर्टात सगळं पुन्हा मांडता येईल का?"

नाही, भाऊ. लवाद कायद्याच्या कलम ३४चा, निवाडा रद्द करण्याचा अर्ज म्हणजे अपील नव्हे. फोटो खरे की ठेकेदाराचं मोजमाप पुस्तक खरं, हे ठरवायला तुम्ही दोघांनीच लवाद नेमला. कायद्याचा अर्थ चुकला किंवा पुरावा वेगळा तोलायला हवा होता, एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही, असं कलम ३४(२अ) स्पष्ट सांगतं. नाहीतर लवादानंतर पुन्हा दिवाणी दावाच उभा राहील.

पण 'बाजूला ठेवले' म्हणजे नेमकं काय? वाचून अमान्य केले असतील तर विषय संपला. फोटो दाखल करूच दिले नाहीत, तर बाजू मांडता आली नाही हा मुद्दा होतो. महत्त्वाचा पुरावा न पाहताच निष्कर्ष काढला असेल, तर उघड बेकायदेशीरपणाही म्हणता येतो.

करारही पुन्हा वाचा. त्यात व्याज ८ टक्के ठरलंय आणि लवादाने निवाड्यापर्यंतचं १२ टक्के लावलं, तर त्याने करारच बदलला. साँगयाँग कंपनी विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण प्रकरणात (२०१९) सुप्रीम कोर्टाने निवाडा रद्द केला तो अशाच कारणाने: एका बाजूचं परिपत्रक दुसऱ्याच्या संमतीशिवाय करारात घुसवलं होतं.

अर्जाची मुदत निवाड्याची सहीची प्रत मिळाल्यापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस. त्यापुढे कोर्टाचेही हात बांधलेले. आणि नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागा.